वडिलांचं पासबुक आणि चाकणचा रिजेक्टेड लॉट

*मॅडम, नमस्कार. मी कराड तालुक्यातली, मेकॅनिकल इंजिनीअर. चाकणच्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं क्वालिटीत काम केलं, मग नोकरी सोडून राज्यसेवा आणि बँक अशी दोन्हीची तयारी केली. आयबीपीएस पीओची मुख्य परीक्षा निघाली, आता मुलाखत आहे. बँकिंग अवेअरनेसच्या नोट्स पाठ केल्यात, पण ‘बँकच का?’ म्हटलं की माझं उत्तर मलाच खोटं वाटतं. ‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ या प्रश्नांना तर काय बोलायचं तेच कळत नाही. घरी ऊसशेती आहे, बँकेशी संबंध म्हणजे वडिलांचं पीककर्ज तेवढा. तयारी कशी करू?*
*– एक वाचक, ता. कराड*

नोट्स मिटून ठेव आणि वडिलांकडून पीककर्जाचं पासबुक, मंजुरीपत्र आणि सातबारा मागून घे.

टेबलापलीकडे चार-पाच जण असतात, त्यांतले बहुतेक बँकांचेच अधिकारी. तुझी माहिती त्यांच्यासमोर कागदावर असते. वडील शेतकरी, जिल्हा सातारा, शिक्षण मेकॅनिकल, मध्ये नोकरी सोडलेली, एवढं वाचलं की निम्मे प्रश्न तिथंच तयार होतात. नोकरीत असताना मी अशा पॅनेलवर बसले आहे. रिझर्व्ह बँक कधी स्थापन झाली हे कधीकधी विचारलं जातं, आणि १ एप्रिल १९३५ हे उत्तर तुला यायलाच हवं. पण पाठांतर तू मुख्य परीक्षेत दाखवून झालीस. इथं तुझ्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढतात, त्यातून तिसरा. तिसऱ्या प्रश्नाला तू कुठं उभी असतेस, त्यावर गुण ठरतात.

गुणांचा हिशेब एकदा समजून घे. मुलाखत १०० गुणांची. खुल्या गटाला किमान ४० टक्के आणि राखीव गटांना ३५ टक्के मिळाले नाहीत, तर मुख्य परीक्षेतले गुण कितीही असोत, नाव यादीत येत नाही. अंतिम यादीत मुख्य परीक्षेचा वाटा ८० आणि मुलाखतीचा २० असतो. म्हणजे मुलाखतीतल्या १० गुणांचे यादीत २ गुण होतात. ऐकायला कमी वाटतात, पण या यादीत उमेदवार दशांशांनी मागेपुढे होतात, आणि कोणती बँक मिळणार हेही त्याच क्रमावर ठरतं.

आता पासबुकाकडे ये. वडिलांच्या कर्जाला बँक किसान क्रेडिट कार्ड म्हणते. ही मर्यादा कशी ठरते हे शेतकऱ्याच्या मुलीला विचारल्याशिवाय मी तरी सोडलं नसतं. दरवर्षी जिल्हा पातळीवरची तांत्रिक समिती प्रत्येक पिकाचा पीककर्ज दर ठरवते. समज, उसाचा दर एकरी ६०,००० आहे आणि वडिलांचा ऊस दोन एकर आहे. (हा आकडा मी हिशेबापुरता घेतलाय, तुझ्या जिल्ह्याचा यंदाचा दर शाखेत विचार.) पिकाचे झाले १,२०,०००. त्यावर काढणीनंतरचा आणि घरखर्च म्हणून १० टक्के, म्हणजे १२,०००. शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे २४,०००. पहिल्या वर्षाची मर्यादा झाली १,५६,०००, शिवाय विम्याचा हप्ता. रक्कम दोन लाखांच्या आत आहे, म्हणून जमीन तारण घ्यायची नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून दोन लाखांवर गेली.

व्याजाचंही असंच. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीमुळे ७ टक्के दर लागतो, आणि वेळेत फेडलं तर आणखी ३ टक्के सूट मिळून तो ४ टक्क्यांवर येतो. पूर्ण रक्कम वर्षभर वापरली तर ७ टक्क्यांनी १०,९२० रुपये, ४ टक्क्यांनी ६,२४०. वेळेत फेडण्याची किंमत ४,६८० रुपये. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना याच्या वर आहे. एवढं तुला हातातल्या कागदावरून सांगता आलं की पॅनेलमधला शेतीकर्जाचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

आणि तो पुढे सरकला की विचारेल, ‘हे खातं थकीत कधी होतं?’ इथं इंजिनीअरिंगची बहुतेक मुलं ‘नव्वद दिवस’ म्हणून मोकळी होतात. नव्वद दिवस हे गृहकर्ज, वाहनकर्ज अशा साध्या हप्त्यांच्या कर्जाचं. पीककर्जाचा हिशेब हंगामांवर चालतो: कमी मुदतीच्या पिकाची बाकी दोन हंगाम राहिली तर एनपीए, दीर्घ मुदतीच्या पिकाची एक हंगाम राहिली तर. ज्याचा हंगाम वर्षाहून मोठा ते पीक दीर्घ मुदतीचं. तुमचा आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, तो कशात बसेल हे तू पटकन सांगशील. कारण सांगायला विसरू नकोस: ऊस तुटून कारखान्याचं बिल आल्याशिवाय तुझ्या वडिलांकडे पैसा नसतो, मग हप्ता तरी महिन्याला कसा मागणार?

याच धाग्यावरचा अवघड प्रश्न म्हणजे ‘नवं-जुनं’. तुमच्या गावात हा शब्द तू लहानपणापासून ऐकला असशील. मार्च आला की कुणीतरी दोन दिवसांसाठी हातउसने किंवा सावकाराकडून पैसे आणतो, जुनं पीककर्ज भरतो, लगेच नवं उचलतो आणि सावकाराचे परत करतो. ‘तुम्ही अधिकारी असाल तर हे चालू द्याल का?’ असं विचारलं तर ‘नाही सर, हे चूक आहे’ इतक्यावर थांबू नकोस. किसान क्रेडिट कार्ड ही फिरती मर्यादा आहे. उसाचं बिल आलं, शेतकऱ्यानं भरलं आणि पुढच्या लागणीला पुन्हा उचललं, तर ते खातं जसं चालायला हवं तसंच चालतंय. पण बिल आलेलंच नाही, पीक गेलंय, आणि केवळ खातं चांगलं दिसावं म्हणून पैसे फिरवलेत, तर शाखेला धोक्याची खूण दिसत नाही आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचं व्याज चढतं. ओळखायचं कसं? पैसा कुठून आला ते बघ. कारखान्याकडून जमा झालेला आणि रोखीनं भरून दोन दिवसांत पूर्ण उचललेला, यातला फरक खात्याच्या उताऱ्यावर उघड दिसतो. आपत्तीनं खरंच पीक गेलं असेल आणि तशी शासनाची घोषणा झाली असेल, तर कर्जाचं पुनर्गठन करण्याची रीतसर वाट आहे. शेतकऱ्याला ती सांगणं अधिकाऱ्याचं काम.

बाकीचं अवेअरनेसही असंच घरातून बाहेर नेत जा. वडिलांना कर्ज देणं बँकेला बंधनकारक का वाटतं? कारण बँकेच्या एकूण कर्जांपैकी ढोबळमानानं ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला आणि त्या ४० पैकी १८ शेतीला द्यावे लागतात. सातारा जिल्ह्याची अग्रणी बँक कोणती? बँक ऑफ महाराष्ट्र. शेजारच्या सांगलीची बँक ऑफ इंडिया. स्वतःच्या जिल्ह्याची अग्रणी बँक सांगता आली नाही, तर पुढच्या प्रश्नांचा सूरच बदलतो. रेपो दर मुलाखतीच्या सकाळी पुन्हा बघून जा, कारण दर दोन महिन्यांनी पतधोरणाची बैठक असते. पण आकड्यावर थांबू नकोस. घरात कुणाचं गृहकर्ज असेल तर ते बाह्य मानदंडाशी जोडलेलं आहे का ते पाहा. ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं तशी असतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्यानं ठरतो. दर कमी झाला तरी हप्ता तोच राहून मुदत घटलेली अनेकदा दिसते, आणि ग्राहक शाखेत येऊन भांडतो. त्याला काय सांगशील, हे तयार ठेव.

आता ‘बँकच का?’ उत्तर खोटं वाटतंय, कारण ते बहुधा खोटंच आहे. नोकरीची शाश्वती, समाजसेवा, लहानपणापासूनची आवड ही तिन्ही उत्तरं पॅनेल दिवसभर ऐकत असतं. शाश्वतीत गैर काही नाही, पण ती रेल्वेतही मिळते.

तुझ्याकडे चाकण आहे, आणि पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंस. लहान कारखाना मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो. माल आज जातो, बिलाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. दरम्यान पोलाद घ्यायचंय, पगार करायचेत. हा मधला काळ कारखाना बँकेच्या कॅश क्रेडिटवर काढतो. दर महिन्याला तो बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यावरून किती उचल करता येईल ते ठरतं. समज, गोदामात ४० लाखांचा माल दाखवलाय आणि मार्जिन २५ टक्के आहे. उचल मिळेल ३० लाखांपर्यंत. पण त्यातला ८ लाखांचा लॉट रिजेक्ट होऊन कोपऱ्यात पडलेला असेल तर? खरा माल ३२ लाखांचा, उचल २४ लाख. बँकेनं ६ लाख जास्त सोडले, आणि ते कशाच्या आधारावर उभे आहेत? भंगाराच्या.

बँकेचा अधिकारी तपासणीला येतो तेव्हा त्याला खोकी दिसतात, खोक्यातला माल उतरलाय की नाकारलाय ते दिसत नाही. तुला दिसेल. दोन वर्षं तू लाल टॅग लावलेस. ‘सर, लहान उद्योगाचा पैसा कुठं अडकतो ते मी कारखान्याच्या आतून पाहिलंय, मला ते टेबलाच्या तुमच्या बाजूनं बघायचंय,’ हे तुझं उत्तर होऊ शकतं, आणि ‘इंजिनीअरिंग वाया नाही का जाणार?’ या पुढच्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच आलं. मात्र कॅश क्रेडिटचा भाग तू तिथं खरंच पाहिला नसशील, तर पाहिलाय असं म्हणू नकोस. तिथल्या अकाउंट्समधल्या माणसाला फोन कर, तासभर बोल, आणि मुलाखतीत ‘नोकरी सोडल्यावर मी हे समजून घेतलं’ असंच सांग. पुढे लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांच्या आत देण्याचा कायदा आणि बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ट्रेड्स ही व्यवस्था, या दोन गोष्टींवर प्रश्न येतील. दोन्ही नीट वाचून जा.

राज्यसेवेचा प्रश्न येणार हे धरून चाल. ‘उद्या ती परीक्षा निघाली तर बँक सोडाल?’ ‘कधीच नाही सर’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तू पुढे ती परीक्षा देणार नसशील तर तसं सांग आणि कारण दे. अजून ठरलं नसेल तर, ‘तयारी केली होती, निवड झाली नाही, आज मी पुढची काही वर्षं कर्जाचं काम शिकण्याच्या हिशेबानं आले आहे,’ इतकं बोलून गप्प बस. नोकरी सोडून घालवलेल्या काळाबद्दल क्षमा मागत बसू नकोस. काय वाचलं ते सांग, कारण राज्यसेवेच्या अर्थशास्त्रातला बराच भाग इथं कामी येतो. मुलींना लांबच्या बदलीबद्दलही विचारतात. पीओची बदली देशात कुठंही होऊ शकते. घरी याबद्दल खरंच बोलून जा. टेबलावर बसून ठरवायला गेलीस तर चेहऱ्यावर कळतं.

प्रसंगाच्या प्रश्नांत लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे नियमाचं पुस्तक, दुसरं म्हणजे ग्राहक देव. पॅनेल तुझ्या कृतींचा क्रम बघतं. एक प्रसंग पूर्ण सोडवून दाखवते.

बहात्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक शाखेत येतात. १८ लाखांची मुदत ठेव मोडायची आहे आणि सगळी रक्कम आरटीजीएसनं एका अनोळखी कंपनीच्या खात्यात पाठवायची आहे. घाई आहे, घाम आलाय, खिशातला फोन चालू आहे. अधिकारी म्हणून तू काय करशील?

‘पैसे पाठवायला नकार देईन’ हे पहिलं चुकीचं उत्तर, कारण पैसे त्यांचे आहेत. ‘फॉर्म बरोबर असेल तर पाठवीन’ हे दुसरं. आधी त्यांना काउंटरवरून उठवून केबिनमध्ये बसव, पाणी दे. फोन बंद करायला सांग, कारण पलीकडचा माणूस प्रत्येक शब्द ऐकत असतो. मग साधे प्रश्न विचार: पैसे कशासाठी, ज्यांना पाठवताय त्यांना ओळखता का, कुणी पोलीस किंवा सीबीआयचा म्हणून फोनवर आहे का, घरात कुणाला सांगू नका असं म्हणालाय का? उत्तर ‘हो’ आलं तर स्वच्छ सांग की डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही, आणि कोणताही पोलीस चौकशीसाठी पैसे स्वतःच्या खात्यात मागत नाही. शाखा व्यवस्थापकांना लगेच बोलव. त्यांच्या संमतीनं मुलाला किंवा मुलीला फोन लाव. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, तो तिथूनच लावता येतो.

इथं पॅनेलमधलं कुणीतरी शिक्षकांची भूमिका घेईल: ‘माझे पैसे आहेत, तुम्ही कोण विचारणाऱ्या?’ आवाज चढवू नकोस. ‘सर, तुमचेच आहेत, म्हणूनच दहा मिनिटं मागतेय.’ तरीही ते ऐकत नाहीत, शुद्धीत आहेत, कागद पूर्ण आहेत, तर बँक व्यवहार कायमचा अडवू शकत नाही. तेव्हा निर्णय व्यवस्थापकांचा, आणि आपण काय सांगितलं त्याची लेखी नोंद. ही मर्यादा तू स्वतःहून बोललीस तर उत्तर पूर्ण होतं. आणि पैसे काल गेलेले असतील, आज ते रडत आले असतील तर? मग समजूत घालण्यात वेळ घालवायचा नाही. आधी १९३०, लगेच समोरच्या बँकेला कळवून उरलेली रक्कम गोठवण्याची विनंती, मग तक्रारीचे कागद. पैसा तासातासाला पुढच्या खात्यात सरकत असतो.

वरिष्ठांबद्दलचा प्रसंगही येतो. व्यवस्थापक घाईत म्हणतात, ‘तुझा पासवर्ड दे, दोन एंट्र्या मी पास करतो.’ बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची ही रचना आहे. पासवर्ड दिलास की दोन माणसांचं काम एकाच्या हातात जातं, आणि नाव तुझं लागतं. पासवर्ड द्यायचा नाही हे पक्कं. पण थेट दक्षता विभागाला पत्र लिहीन असं म्हणू नकोस, नोकरीला लागून आठवडा झालेल्या मुलीच्या तोंडी ते नाटकी वाटतं. ‘सर, व्हाउचर द्या, मी बघून लगेच पास करते’ म्हण. काम अडत नाही आणि पासवर्डही जात नाही. व्हाउचर दाखवायलाच ते तयार नसतील किंवा पुन्हापुन्हा तेच मागतील, तर वरच्या कार्यालयाला कळवायची वेळ आली. किती वेळा झाल्यावर कळवाल, असंही मी एका सहकाऱ्याला विचारताना ऐकलंय. व्हाउचर न दाखवता पासवर्ड मागितला तर पहिल्याच वेळी.

अशा प्रश्नांचा सराव मोठ्यानं बोलून कर, आणि ऐकायला गावातला बँकेचा माणूस मिळाला तर उत्तम. क्लासच्या मॉक मुलाखतींत बहुतेकदा पहिलं उत्तर तपासतात, उलटा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारणारा माणूस शोध. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही सर’ म्हणून पुढे जा, अंदाज करायचाच असेल तर ‘हा अंदाज आहे’ असं आधी सांग.

मुलाखत इंग्रजी किंवा हिंदीत चालते. इंग्रजी अडखळत असेल तर सुरुवातीलाच परवानगी घेऊन हिंदीत बोल, पण शेतीचे शब्द दोन्ही भाषांत तयार ठेव. आडसाली, खोडवा, सातबाऱ्यावरचा बोजा यांना हिंदीत काय म्हणायचं यावर आपली मुलं अडतात.

कागदपत्रांचं आजच बघ. ओबीसीतून अर्ज असेल तर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं आणि नॉन-क्रिमीलेअरची तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीतली हवी. राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे, इथं त्याचा उपयोग नाही. तहसील कार्यालयातून नवा दाखला मिळायला वेळ लागतो, तेव्हा उद्याच अर्ज टाक.